आईचे इअरबड: डावा गप्प, उजवा भलत्याच फोनवर

३ मार्च २०२५, सोमवार

आईने आज इअरबडची डबी माझ्या हातात दिली. "अगं, हे नेहमी एकाच कानात वाजतात. आणि सकाळी घातले की माझ्या फोनला लागतच नाहीत, तुझ्या लॅपटॉपला जातात. तूच बघ आता." गेले दोन आठवडे ती एकच बड घालून फिरते आहे, हे मला आत्ता कळलं.

पहिला मोह रिसेट मारायचा होता. तो आवरला. रिसेट केलं की बिघाडाच्या खुणाही पुसल्या जातात, आणि चार दिवसांनी तोच त्रास परत आला तर आपण जिथून निघालो तिथेच उभे असतो. म्हणून आधी नुसतं पाहायचं आणि लिहून ठेवायचं.

आज जे पाहिलं ते असं. डबी उघडून दोन्ही बड कानात घातले. उजवा वाजला, डावा पूर्ण गप्प. आईच्या फोनवर हेडफोनचं चिन्ह आलंच नाही. माझ्या लॅपटॉपवर मात्र "Connected" दिसत होतं. लॅपटॉपवरचं ब्लूटूथ बंद केल्यावर थोड्या वेळाने बड आपणहून आईच्या फोनला लागले, तरी वाजत उजवाच होता.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, तिचा इथे संबंध आहे की नाही ते माहीत नाही. गेल्या आठवड्यात रात्री काम करताना लॅपटॉपचा आवाज दोनदा अचानक गेला होता. स्पीकर बिघडला असं समजून मी लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि विषय सोडून दिला.

कागदावर तीन नाती काढली: बड आणि आईचा फोन, बड आणि माझा लॅपटॉप, आणि डावा बड व उजवा बड. तिसरं नातं लोकांच्या लक्षात येत नाही. तारेविना चालणारे हे दोन तुकडे म्हणजे दोन स्वतंत्र यंत्रं असतात, आणि तीही एकमेकांशी जोडलेली असावी लागतात. आईच्या संचासारख्या बहुतेक संचांत एक बड मुख्य असतो आणि दुसरा त्याच्या आधाराने चालतो. पेअरिंग म्हणजे दोन यंत्रांनी मिळून एक गुप्त किल्ली ठरवणं आणि दोघांनी आपापल्याकडे जपून ठेवणं. किल्ली दोन्हीकडे असते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

४ मार्च, मंगळवार

आज फक्त "एका बाजूनेच आवाज" एवढंच तपासलं. पेअरिंगला हात लावण्याआधी दोष बडमध्ये आहे की आवाज पाठवणाऱ्या यंत्रात, हे वेगळं करायला हवं.

आईच्या फोनमध्ये Accessibility खाली आवाजाचं पान आहे. तिथे डाव्या-उजव्या समतोलाची पट्टी असते. चुकून बोट लागून ती एका टोकाला गेली, तर बड ठणठणीत असूनही एक बाजू गप्प राहते. पट्टी मधोमध होती. शेजारचं "Mono audio" बंद होतं, तेही ठीक. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच जातो. ज्याला एकाच कानाने ऐकायचं आहे त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे, पण तपासणीच्या वेळी ते बंदच हवं, नाहीतर डावं-उजवं वेगळं कळत नाही.

लॅपटॉपवर लिनक्स आहे, म्हणून बड त्याला जोडून ही एक ओळ चालवली:

```
speaker-test -c 2 -t wav -l 1
```

यात एक आवाज आधी डाव्या बाजूला "Front Left" म्हणतो आणि मग उजव्या बाजूला "Front Right". गाणं लावून तपासण्यापेक्षा हे बरं, कारण गाण्यात कधी कधी एखादं वाद्य मुळातच एका बाजूला ठेवलेलं असतं आणि आपण फसतो. उजव्या बडमध्ये "Front Right" स्वच्छ ऐकू आलं. डाव्यात काहीच नाही.

मग जाळी. कानातला मळ जाळीवर बसला तर आवाज बारीक आणि दबका होतो. पण इथे डावा बारीक वाजत नव्हता, अजिबातच वाजत नव्हता. स्पर्श केल्यावर जी टिक ऐकू येते तीही येत नव्हती. म्हणजे मळाचा प्रश्न नाही, डावा बड चालूच नाही.

डबीत ठेवून, झाकणावर अंगठ्याने जरा जोर देऊन दहा मिनिटं बसले. मग फक्त डावाच बाहेर काढला आणि उजवा आत ठेवून झाकण लावलं. डावा वाजला! नंतर उलट केलं, फक्त उजवा बाहेर, तोही वाजला. दोन्ही बाहेर काढले तर दोन्ही वाजले, साधारण वीस मिनिटं. त्यानंतर डावा पुन्हा गप्प.

एकेकटे वाजतात, जोडीनेही वाजतात, फक्त टिकत नाहीत. डाव्याचा स्पीकर गेलेला नाही, हे आज नक्की झालं. आईला सांगितलं तर तिला हायसं वाटलं. नवीन घ्यायचे नाहीत, हे तिने आधीच ठरवलं होतं.

६ मार्च, गुरुवार

आजचा प्रश्न: बड आईचा फोन सोडून माझ्या लॅपटॉपकडे का जातात?

पुष्कळांना वाटतं की जवळचं यंत्र आधी लागतं. अंतराशी याचा संबंध नाही. डबीतून बाहेर येताच बड आपल्या यादीत पाहतो की शेवटी आपण कोणाशी जोडलेलो होतो, आणि त्याला हाक मारतो. ब्लूटूथच्या मानकात या हाकेची ठरलेली मूळ मुदत ५.१२ सेकंद आहे. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर हाक वाया गेली असं धरतात. मग पुढच्या ओळखीच्या यंत्राकडे वळायचं की पहिल्यालाच पुन्हा हाक मारायची, हे बनवणाऱ्यावर असतं. कोणीच उत्तर दिलं नाही तर आईचे बड नव्या पेअरिंगसाठी वाट पाहत बसतात.

यावरून एक साधी कसोटी जमते. लॅपटॉप पूर्ण बंद केला, आईचा फोन पाच पावलांवर ठेवला आणि डबी उघडली. फोनला लागायला अंदाजे बारा सेकंद लागले. मग बड डबीत ठेवून लगेच परत काढले, तर तीनच सेकंद. पहिल्या खेपेला बड आधी लॅपटॉपला हाका मारत होता आणि उत्तर न आल्यावर फोनकडे वळला. दुसऱ्या खेपेला शेवटचं यंत्र फोनच होतं, म्हणून थेट लागला. ज्यांना आपले बड नेमके कुठे अडतात हे पाहायचं आहे, त्यांनी ही दोन मोजमापं जरूर घ्यावीत. फरक मोठा असेल तर घरातलं दुसरं एखादं यंत्र यादीत पुढे बसलेलं आहे.

पण यातून नवाच पेच उभा राहिला. आई रात्री झोपताना बड वापरते ते फोनवर. मग शेवटचं यंत्र फोन असायला हवं. सकाळी मात्र यादीत लॅपटॉप पुढे असतो. म्हणजे रात्री आई झोपल्यानंतर आणि सकाळी तिने डबी उघडण्याआधी बड कधीतरी लॅपटॉपशी जोडले जातात. बंद डबीतून?

८ मार्च, शनिवार

आज घाई केली आणि ती महागात पडली, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आईला रविवारी मावशीशी निवांत बोलायचं आहे, म्हणून वाटलं की रिसेट करून मोकळं व्हावं. आईच्या फोनमध्ये जाऊन "Forget" दाबलं. बड डबीत ठेवले, झाकण उघडं ठेवून डबीचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं. दिवा लुकलुकला. माहितीपत्रकात एवढंच लिहिलं होतं. मग फोनवर शोध घेतला.

यादीत एक नाव आलं, ते आईने जोडलं. उजवा वाजू लागला. आणि त्याच वेळी लॅपटॉपवर "Connected" अशी सूचना आली. डावा बड लॅपटॉपला जाऊन लागला होता! उजव्या कानात आईचा फोन, डाव्यात माझा लॅपटॉप. आधी निदान दोघे एका यंत्राकडे तरी जात होते.

लॅपटॉपवर पाहिलं:

```
bluetoothctl devices Paired
bluetoothctl info XX:XX:XX:XX:XX:5C
```

प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला स्वतःचा पत्ता असतो. लॅपटॉपकडे जोडलेल्या बडचा पत्ता 5C ने संपतो. आईच्या फोनमध्ये त्या जोडणीच्या तपशिलात पत्ता पाहिला, तो 5D ने संपतो. नाव तेच, पत्ते दोन. `info` मध्ये `Paired: yes`, `Trusted: yes`, `Connected: yes` असं सगळं दिसत होतं. म्हणजे लॅपटॉपची जुनी किल्ली अजून चालते. म्हणजेच डाव्या बडकडेही ती जुनी किल्ली आहे. म्हणजे डावा रिसेट झालेलाच नाही.

इथे दोन चुका एकत्र आल्या. पहिली माझी: "Forget" केल्याने फक्त त्या फोनमधली किल्ली जाते. बड आपली यादी तशीच ठेवतो, आणि लॅपटॉपला तर यातलं काहीच कळत नाही. मी लॅपटॉपवरून काढायलाच विसरले होते. दुसरी चूक माझी नव्हे, पण ती ओळखायला हवी होती: रिसेटचा आदेश फक्त उजव्यालाच पोहोचला. उजवा कोरा झाला, आणि कोरा झाल्यामुळे डाव्याशी असलेलं नातंही विसरला. दोघे एकमेकांना अनोळखी झाले आणि ज्याला जिथे वाट दिसली तिथे तो गेला.

मावशीचा फोन आला तेव्हा आईने उजवा एकटाच घातला. चालला.

९ मार्च, रविवार, सकाळी

कोडं सुटलं, आणि रिसेटशी त्याचा संबंध अगदी थोडा आहे.

डबीचं बटण दाबल्यावर आदेश बडपर्यंत जातो कसा? आईच्या डबीत तो हवेतून जात नाही. ज्या धातूच्या टाचण्यांतून चार्ज होतो, त्यांतूनच जातो. बड डबीत आहे की बाहेर, हेही त्याला त्या टाचण्यांवरूनच कळतं: टाचणी टेकली की आत, सुटली की बाहेर. टाचणी नीट टेकलीच नाही तर बडच्या समजुतीप्रमाणे तो कधी आत गेलेलाच नसतो.

हे डोक्यात आल्यावर कसोटी सोपी होती. काल रात्री दोन्ही बड डबीत ठेवले, झाकण लावलं, लॅपटॉप चालू ठेवला आणि पंधरा मिनिटांनी पाहिलं:

```
bluetoothctl info XX:XX:XX:XX:XX:5C
```

`Connected: yes`. बंद डबीतून. लॅपटॉपवर गाणं लावलं, खोलीत शांतता. डबी कानाला लावली तर आतून बारीक सूर येत होता. गेल्या आठवड्यात लॅपटॉपचा आवाज दोनदा गेला होता, तो इथे गेला होता.

मग सगळं ओळीने जुळलं. डावा बड रात्रभर स्वतःला बाहेर समजून जागा राहतो. आईचा फोन रात्री बंद असतो, माझा लॅपटॉप उशिरापर्यंत चालू असतो, म्हणून तो लॅपटॉपला लागतो. सकाळी "शेवटचं यंत्र" लॅपटॉप असतं, म्हणून जोडी तिकडे जाते. आणि रात्रभर जागून, चार्ज न होता डाव्याची बॅटरी संपते, म्हणून तो गप्प. आईच्या दोन तक्रारी, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच टाचणी. मंगळवारी मी झाकणावर जोर दिला तेव्हा तो दहा मिनिटं चार्ज झाला आणि वीस मिनिटं वाजला, हेही त्यातच आलं.

भिंगातून पाहिलं. टाचण्या बडला जिथे टेकतात, त्या डाव्या बडच्या दोन ठिपक्यांपैकी एकावर काळपट हिरवं पुट होतं. घाम आणि कातडीवरचं तेल. डबीतल्या टाचण्यांपैकी एक दुसरीपेक्षा किंचित खाली बसलेली होती. शिवाय आईने मध्यंतरी मोठ्या मापाच्या रबरी टोप्या लावल्या होत्या, त्यांनीही बड जरासा वर उचलला जातो. डोळ्यांना दिसत नाही, झाकण व्यवस्थित लागतं, तरी टेकण्यापुरता दाब उरत नाही.

९ मार्च, संध्याकाळी

साफसफाई आधी, रिसेट नंतर.

कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, निथळेल इतकं नाही, नुसतं ओलसर. बडचे ठिपके पुसले, काडी बदलून पुन्हा पुसले. तिसऱ्या खेपेला कापूस पांढराच राहिला. डबीत थेट द्रव ओतला नाही. खाली बसलेली टाचणी लाकडी दातकोरणीच्या टोकाने दोन-तीनदा हलकेच दाबून सोडली. आतल्या स्प्रिंगमुळे ती वर आली. इथे सुई किंवा पिन मुळीच वापरायची नाही, दोन टाचण्या एकदम जोडल्या गेल्या तर डबीच जायची. जुन्या लहान टोप्या परत लावल्या आणि सगळं पंधरा मिनिटं उघडं ठेवून वाळवलं.

मग पुढची खूण मिळेपर्यंत रिसेट करायचं नाही, असं ठरवलं होतं: डबीत ठेवताच *दोन्ही* बडचे दिवे लागले पाहिजेत, आणि झाकण लावल्यावर लॅपटॉपवर `Connected: no` दिसलं पाहिजे. दोन्ही दिसलं. त्यानंतर दोन तास चार्जिंगला ठेवले, कारण रिसेटच्या मध्येच एका बडने मान टाकली तर पुन्हा अर्धवट काम होतं.

आता क्रम. हा क्रम शनिवारी चुकला होता.

आधी सगळ्या यंत्रांवरून बड काढले. आईच्या फोनवर "Forget". घरातल्या टॅबवरही तेच. त्यावर हे बड दोन वर्षांपूर्वी कधीतरी जोडले होते आणि आम्ही दोघीही विसरलो होतो. लॅपटॉपवर:

```
bluetoothctl remove XX:XX:XX:XX:XX:5C
```

हे आधी करायचं कारण असं, की रिसेटनंतर बडकडे किल्ली उरत नाही पण लॅपटॉपकडे उरते. मग लॅपटॉप जुनी किल्ली दाखवतो, बड ती ओळखत नाही, आणि जोडणी वारंवार फसते. फोनवर अशा वेळी चुकीच्या पिनबद्दलचा संदेश येतो आणि माणूस पिन शोधत बसतो, जो नसतोच.

मग फोन, टॅब आणि लॅपटॉप या तिन्हींवरचं ब्लूटूथ बंद केलं, म्हणजे मधूनच कोणी बडला पकडणार नाही. बड डबीत, झाकण उघडं, बटण दाबून धरलं. या वेळी दिव्यांकडे लक्ष ठेवलं: दोन्ही एकदम लाल लुकलुकले आणि एकदम विझले. शनिवारी मी डबीचा दिवा पाहिला होता, बडचे नाही. तेवढ्याने फसले. बटण किती वेळ धरायचं, ते डबीवर असतं की बडवर दोन्ही बाजूंना एकदम स्पर्श करायचा, हे प्रत्येक संचाचं वेगळं असतं. पण दोन्ही बडनी एकाच वेळी उत्तर दिलं की नाही, हे सगळीकडे पाहता येतं.

दोन्ही *एकदम* बाहेर काढले आणि फोनला हात न लावता वाट पाहिली. पाचेक सेकंदांत डाव्याचा दिवा बंद झाला आणि उजवा एकटा लुकलुकत राहिला. याचा अर्थ दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि आता फोनशी बोलायचं काम उजव्याकडे आहे. आता कुठे आईच्या फोनवरचं ब्लूटूथ सुरू केलं. यादीत एकच नाव. तेच जोडलं.

दोन्ही बड वेगवेगळे लुकलुकत राहिले आणि यादीत तेच नाव दोनदा आलं, तर दोन्ही नावं दाबायचा मोह होतो. आईने शनिवारी तेच सुचवलं होतं. तसं केल्याने फोन त्यांना दोन वेगळी यंत्रं समजतो आणि फुटलेलं नातं फुटलेलंच राहतं. अशा वेळी काहीच न जोडता दोन्ही परत डबीत ठेवायचे आणि रिसेट पुन्हा करायचं. काही संचांत मात्र नावाआधी "LE" लागलेली जास्तीची नोंद दिसते. ती दुसरा बड नसून त्याच बडची कमी वीज खाणारी वाट असते, तिला हात लावायची गरज नाही.

दोन्ही कानांत आवाज आला. आईने समतोलाची पट्टी स्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहिली, डावा वाजला, उजवा वाजला. "आता ठीक," म्हणाली आणि फोन घेऊन गेली.

१२ मार्च, बुधवार

तीन सकाळी झाल्या, तिन्ही वेळा थेट फोनला लागले. रात्री लॅपटॉप चालू असतानाही.

माझा लॅपटॉप पुन्हा जोडायचा का, यावर आईशी बोलले. या बडना एकाच वेळी दोन यंत्रांशी जोडलेलं राहता येतं, पण ती सोय आम्ही बंदच ठेवली. लॅपटॉपवर एखादी सूचना टिंग वाजली की आईचं बोलणं मध्येच तुटायचं. मला कधीतरी लागलेच, तर मी लॅपटॉपवर जोडून `bluetoothctl untrust` करून ठेवेन. मग बड आपणहून आले तर लॅपटॉप त्यांना परस्पर आत घेत नाही, आधी मला विचारतो.

१६ मार्च, रविवार

आठवड्याचं मोजमाप. दोन्ही बड पूर्ण चार्ज करून आईच्या फोनवर एकाच आवाजात सलग लावले. उजवा ३ तास ४० मिनिटं चालला, डावा २ तास ५५ मिनिटं. कित्येक रात्री पार शून्यापर्यंत उतरल्याने डाव्याची बॅटरी थकली आहे असं दिसतं. ते रिसेटने परत येणार नाही. आईला सांगितलं की बोलताना एकच बड पुरत असेल तेव्हा उजवा घालत जा, डाव्याला राखून ठेव.

डबीच्या झाकणात आत एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे: "ठेवल्यावर दोन्ही दिवे पाहा." ठिपके दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुसायचे, ते काम आईने स्वतःकडे घेतलं आहे. पुढची नोंद ६ एप्रिलला.